ड्युटी संपल्यावर वाचू म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न: एमबीबीएसची इंटर्नशिप गेल्या आठवड्यात संपली. एका खासगी हॉस्पिटलात आरएमओची ऑफर आहे, महिना ६५ हजार, बारा तासांची ड्युटी. ती घेऊन सोबत नीट पीजीचा अभ्यास करू की घरी बसून फक्त अभ्यास?

उत्तर: "सोबत" हा शब्द आधी खोडून टाक. मी त्याच शब्दाला फसलो होतो.

माझी इंटर्नशिप मार्च २०२१ मध्ये संपली. परीक्षा १८ एप्रिलला होती आणि तीन दिवस आधी पुढे ढकलली, मग मे महिन्यात कळलं की ऑगस्टअखेरपर्यंत तरी होणार नाही. कोविड जोरात होता, प्रत्येक हॉस्पिटलला डॉक्टर हवे होते. आमचा दादा इंजिनिअर, त्याचं एकच पालुपद, अरे मी नोकरी करत करत एमबीए केलं, तू चार महिने घरी बसून खाणार का, ड्युटी संपल्यावर वाच की. मलाही लाज वाटली आणि मी एका हॉस्पिटलात आयसीयूची नाईट धरली, रात्री आठ ते सकाळी आठ, आठवड्यातून सहा.

आता हिशोब बघ. बारा तास कागदावर. हँडओव्हर, एखादा पेशंट नेमका पावणेआठला बिघडणं, घरी पोचून अंघोळ, यात साडेदहा वाजायचे. झोपून चारला उठायचो, सात वाजता परत निघायचं. मधले तीन तास अभ्यासाचे, आणि त्यातही मी क्यूबँक उघडून तोच प्रश्न तिसऱ्यांदा चुकायचो. वेळ कमी पडतो हे सगळ्यांनाच कळतं, पण खरी गोम वेगळी आहे, दमलेलं डोकं "येत नाही" म्हणून प्रश्न सोडत नाही, ठोकून देतं.

हे जीटीत, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षेत, दिसलं. नोकरीआधीच्या जीटीत २०० पैकी १३२ बरोबर, ५८ चूक, १० सोडलेले, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, म्हणजे ५२८ वजा ५८, ४७० मार्क. दोन महिन्यांच्या नाईटनंतर ११८ बरोबर, ७६ चूक, फक्त ६ सोडलेले, ४७२ वजा ७६ म्हणजे ३९६. बरोबर उत्तरं १४नेच कमी झाली पण मार्क गेले ७४, कारण चुका १८ वाढल्या. म्हणून नुसता टोटल बघू नकोस, चुकलेल्यांचा आकडा वेगळा लिहून ठेव, तो चढायला लागला की समज झोप कमी पडतेय, पुस्तकं नाही. आणि २०२४ पासून तर पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत असतो, प्रत्येकाला ४२ मिनिटं, भाग संपला की मागे जाता येत नाही. आमच्या वेळी शेवटी फिरून सुधारायची सोय तरी होती.

जुलैच्या मध्यावर राजीनामा दिला. त्यांनी ओरिजिनल रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट "पेपरवर्क"साठी ठेवून घेतलेलं, ते परत मिळवायला तीन हेलपाटे आणि अर्ध्या महिन्याचा पगार गेला. झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल फक्त दाखवायचं, हे लक्षात ठेव.

परीक्षा ११ सप्टेंबरला झाली, रिझल्ट महिनाअखेरीस. आणि ॲडमिशनचं काउन्सेलिंग? आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं, ते सुरू झालं जानेवारी २०२२ मध्ये. हे चार महिने मी खरंच रिकामा होतो आणि तेव्हा कॅज्युअल्टीत एक दिवसाआड लोकम, म्हणजे बदली डॉक्टरचं काम, केलं, पैसे मिळाले, हातही चालता राहिला. म्हणजे नोकरी करायचीच नाही असं नाही, परीक्षेआधी नाही आणि परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून, असा क्रम लाव. सरकारी कॉलेजात रेसिडेंटला स्टायपेंड असतो, त्यामुळे पुढची तीन वर्षं घरच्यांवर बसून खायचंय असंही नाही.

घरी कर्ज असेल, पगार लागणारच असेल, तर हे सगळं तुला लागू नाही. मग बारा तासांची सोडून ओपीडीची सहा तासांची दिवसाची बघ, पैसे कमी मिळतील पण रात्रीची झोप राहील. आणि सरकारी कॉलेजचा असशील तर एक वर्षाच्या बाँडचं आधी विचारून घे, ते नियम सारखे बदलतात, सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

बाकी दादाला अजून वाटतं की त्या नोकरीमुळेच मी ॲनेस्थेशिया घेतलं. ते मात्र खरं आहे, पहिलं इंट्युबेशन तिथेच पहाटे तीनला केलं, सर मागे उभे होते. पण रँकला जिथे ७० मार्कांचा फटका बसत होता ते त्याला अजून पटलेलं नाही, त्याच्या एमबीएला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं.