फॉल लावायचं काम सुरू करताय? आधी हे वाचा

ताई, पायाच्या ऑपरेशननंतर पायमशीन नको म्हणालात ते बरोबरच, पण हाताने फॉल लावायला मशीन लागतच नाही. पिको दुकानदार करून घेतो, तुम्ही फक्त फॉलचं काम मागा, दर साडीमागे ठरतो, तो आधी विचारून घ्या.

पहिली चूक सगळ्यांची तीच, नवा कोरा फॉल तसाच लावायचा. सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि मग साडीचा काठ गोळा होतो, गिऱ्हाईक साडी परत आणतं. फॉल रात्रभर पाण्यात ठेवा, रंग जातोय का तेही तिथेच कळतं, मग वाळवून इस्त्री.

दुसरी, टोक चुकणं. फॉल पदराच्या उलट्या टोकाकडून, खालच्या काठाला, आतल्या बाजूने लागतो. मी एकदा गप्पांच्या नादात पदराकडून सुरू केला, अख्खा उसवला 😅

टाका घालताना:
- साडीचे एकदोनच धागे उचला, साडीच्या सुलट बाजूने टाका दिसता कामा नये
- दोरा ओढू नका, चुण्या पडतात. दर वीतभर टाक्यांनंतर कापड टेबलावर सपाट करून बघा

आणि साडी मांडीवर घेऊन वाकू नका हो, मान जाते. मांडीवर उशी, उशीवर पाट, त्यावर काम, आणि अर्ध्या तासाने थांबायचं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं पाय हलवायचे. पहिला आठवडा दिवसाला एकच साडी घ्या, तीही स्वतःची जुनी सुती. सिल्कला नंतर हात लावा.