कडेची माणसं न बिघडवता ग्रुप फोटोची पार्श्वभूमी वाढवणे

प्रश्न: गौरी-गणपतीत मालवणजवळच्या घरी आम्हा 18 जणांचा खळ्यात फोटो काढला. चुलतभावाने तो घट्ट कापून ग्रुपवर टाकला आणि मूळ फोटो उडवला. आता 12×18 इंचाच्या फ्रेमसाठी दोन्ही बाजूंना आणि डोक्यांवर जागा हवी आहे. फोनमधल्या एका ॲपने वाढवून दिला, पण काका काकांसारखे दिसत नाहीत आणि उजवीकडे कोणीतरी अनोळखी बाई उभी आहे. माणसांना हात न लागता हे होतं का? फोटो जोडलाय, 1600×1200 आहे.

उत्तर:

होतं. तुमचा फोटो उतरवून घेतला आणि काल रात्री करूनच बघितला, त्यामुळे खालचे आकडे तुमच्याच फोटोचे आहेत.

पण त्याआधी भावाला एक फोन करा. आयफोनवर कापलेला फोटो तिथल्या तिथे Revert करता येतो आणि उडवलेला फोटो 30 दिवसांपर्यंत Recently Deleted मध्ये पडून असतो. मूळ फोटो मिळाला तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही. शिवाय ग्रुप फोटो कोणी एकदाच काढत नाही. त्याच वेळचे आणखी दोन-तीन असतील तर तेही मागवून ठेवा, ते कशाला लागतील ते पुढे येईलच.

आता काकांचं. तुमच्या ॲपने फक्त कडा भरल्या नाहीत, आख्खा फोटो आत घेऊन नव्याने बाहेर काढला. अशा ॲपमागची चित्रं काढणारी एआय मॉडेलं फोटो थेट पिक्सेलमध्ये हाताळत नाहीत. आधी तो आक्रसतात: स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यात 8×8 पिक्सेलच्या चौकटीचा एक कण होतो, काम त्या कणांवर चालतं आणि शेवटी कणांवरून पुन्हा पिक्सेल रचले जातात. तुमच्या फोटोत मागच्या रांगेतला चेहरा साधारण 60 पिक्सेल रुंद आहे. वाढवलेला कॅनव्हास मॉडेलच्या सोयीसाठी 1216 पिक्सेल रुंदीवर आणला की तोच चेहरा 35 पिक्सेलचा उरतो. म्हणजे काकांचं आख्खं तोंड आडवं चार-साडेचार कणांत बसवायचं. त्यात मिशी कशीबशी राहते. डोळ्यांचा कोन, दातांतली फट, चष्म्याची दांडी हे सगळं मॉडेल अंदाजाने परत काढतं, आणि अंदाज कधीच आपल्या काकांचा नसतो. कुठे भरायचं ते दाखवणारा मास्क नीट लावलेला असला तरी हे होतं, कारण मास्कबाहेरचा भागसुद्धा त्याच आकसण्या-पसरण्यातून जातो. मी स्वतः यात फसलोय. एका घरच्या फोटोत आजीच्या हनुवटीवरचा तीळ गेला, आणि तो गेल्याचं मला फ्रेम भिंतीवर लागल्यावर तिच्या लेकीने दाखवलं.

म्हणून माझा नियम एकच आहे: मॉडेलने काढलेली माणसं अंतिम फोटोत येऊच द्यायची नाहीत. त्याच्याकडून फक्त गडगा, माती आणि झाडं घ्यायची, आणि माणसांचे मूळ पिक्सेल जसेच्या तसे वर ठेवायचे.

माप आधी ठरवा. 12×18 म्हणजे 2:3. डावी-उजवीकडे 256-256 आणि वर 208 पिक्सेल वाढवले की कॅनव्हास 2112×1408 होतो, नेमका 3:2. हे सगळे आकडे 8 ने भागले जातात, त्यामुळे मॉडेल काठ आपल्या मनाने पुढेमागे सरकवत नाही. खाली काहीच वाढवू नका. पुढे बसलेल्या मुलांची पावलं पूर्ण आहेत आणि खाली मातीही पुरेशी आहे.

आख्खा कॅनव्हास एकदम देऊ नका. डाव्या बाजूसाठी 1024×1200 चा एक तुकडा घ्या, 256 नवे आणि 768 जुने. असा तुकडा लहान न करता मूळ मापातच चालतो, त्यामुळे चिऱ्यांचा पोतही जुळतो. मग उजवीकडे तसंच. वरची पट्टी शेवटी, तीन तुकड्यांत, एकमेकांवर थोडे चढवून. अशी मॉडेलं स्वतःच्या संगणकावर चालवायला ComfyUI वापरत असाल तर Pad Image for Outpainting या नोडमध्ये left ला 256, बाकी तिन्हीकडे 0, आणि feathering 40 ठेवा. मॉडेल इनपेंटिंगसाठी, म्हणजे चित्रातला ठरावीक भाग भरण्यासाठी, शिकवलेलंच घ्या. साधं घेतलंत तर जोड हमखास दिसतो.

आता ती अनोळखी बाई. ती कुठून आली? तुमच्या फोटोत उजव्या टोकाला आत्या कडेला चिकटून उभ्या आहेत. मॉडेलला दिसते माणसांची एक रांग, जी कडेपर्यंत पोचलीय. रांग पुढेही चालू असणार असं त्याला वाटतं, आणि साडीतली आणखी एक बाई उभी राहते. त्यातून मॉडेलला द्यायच्या वर्णनात कुटुंब, ग्रुप असं काही लिहिलं असेल तर विचारायलाच नको. माणसं नकोत असं लिहूनही भरवसा नसतो.

यावर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती अशी: मॉडेलला माणसं दाखवायचीच नाहीत. फोटोची एक प्रत करा. त्या प्रतीत कडेजवळची तीन-चार माणसं क्लोन स्टॅम्पने ओबडधोबड पुसा, त्यांच्या जागी मागचा गडगा आणि खालची माती ओढून घ्या. सुंदर व्हायची गरज नाही, हा भाग शेवटी मूळ फोटोखाली झाकला जाणार आहे. फक्त चिऱ्यांच्या आडव्या ओळी सरळ राहू द्या, कारण मॉडेल त्याच धरून पुढे जातं. ही रिकामी प्रत वाढवायला दिली की त्याला दिसतो नुसता गडगा, आणि ते गडगाच लांबवतं. काल माणसांसकट दिलेल्या चार प्रयत्नांत तीन वेळा कोणीतरी उगवलं. पुसलेल्या प्रतीवर पाचही प्रयत्न रिकामे आले.

वर्णनात जागेचं नाव घालू नका. मी हौसेने कोकण लिहून पाहिलं तर गडग्यामागे निळा समुद्र आणि वाकलेले माड आले, एखाद्या रिसॉर्टच्या जाहिरातीसारखे. दिसतं तेवढंच लिहा. जांभ्याला वीट म्हटलंत तर वीटच येईल. भाद्रपदातला चिरा ओला, काळपट आणि शेवाळलेला असतो, तेही सांगावं लागतं, नाहीतर मॉडेल मे महिन्यातला कोरडा लालभडक चिरा लावून मोकळं होतं. मी हे दिलं होतं:

```
wet dark laterite stone wall with green moss, damp red earth, areca palms behind, overcast light
```

वरच्या पट्टीचं फार सांगण्यासारखं नाही. तिथे पोफळींचे शेंडे आणि ढगाळ आभाळ आहे, ते कसंही आलं तरी खपतं. डाव्या कोपऱ्यात कौलांची कड आणि पागोळी अर्धी दिसते तेवढी नीट सरळ गेलीय का ते बघा. वाकली असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा चालवा.

मग मूळ फोटो वर ठेवायचा. GIMP मध्ये वाढवलेलं चित्र खाली, मूळ 1600×1200 वेगळ्या लेयरवर, आडवं 256 आणि उभं 208 वर. मूळ लेयरला मास्क लावा आणि डाव्या, उजव्या आणि वरच्या काठाचे साधारण 24 पिक्सेल आतल्या बाजूला विरवा. पण हे विरवणं फक्त जिथे काठाशी भिंत, माती किंवा आभाळ आहे तिथेच. आत्यांचा पदर कडेला टेकतो तिथे मास्क ब्रशने पूर्ण पांढरा करा, नाहीतर पदर अर्धवट गडग्यात विरघळतो.

माणसं खरोखर शाबूत आहेत का, हे डोळ्यांनी ठरवू नका. वरच्या लेयरला मूळ फोटो ठेवून मोड Difference करा. माणसांच्या जागी ठार काळं दिसलं पाहिजे, चेहऱ्यांच्या बाह्यरेषा भुतासारख्या दिसल्या तर कुठेतरी मॉडेलचे चेहरे शिरलेत. ImageMagick असेल तर आकडाच मिळतो. कडेचे 50 पिक्सेल सोडून मधला भाग दोन्हीकडून कापून ताडून बघायचा:

```
magick mul.jpg -crop 1500x1100+50+50 +repage a.png
magick final.png -crop 1500x1100+306+258 +repage b.png
magick compare -metric AE a.png b.png farak.png
```

पहिला आकडा 0 आला पाहिजे. हजारांत आला तर बहुतेक वेळा लेयर एखाद्या पिक्सेलने सरकलेला असतो. `final` हे PNG मध्येच ठेवा. मध्येच जेपीजी केलंत तर फरक येणारच.

फोटोशॉप असेल तर Generative Expand नवा भाग वेगळ्या लेयरवर देतं आणि खालचा मूळ फोटो शाबूत राहतो, त्यामुळे काकांचा प्रश्न तिथे येत नाही. अनोळखी बाई मात्र तिथेही येऊ शकते, तेव्हा पुसलेली प्रत तिथेही करा.

आता न सुटणारी गोष्ट. डाव्या टोकाच्या दादांचा कोपर कापला गेलाय. पुसलेल्या प्रतीवर वाढवलंत तर त्यांचा हात काठाशी सुरीने कापल्यासारखा थांबतो आणि पुढे गडगा सुरू होतो. इथे त्यांना पुसू नका. तेवढ्याच भागाचा, खांद्यापासून मनगटापर्यंतचा, छोटा तुकडा माणसासकट वेगळा चालवा आणि नुसता कोपर घ्या. बाही आणि कोपर मॉडेलला जमतो, माझ्याकडे तिसऱ्या प्रयत्नात बरा आला. तळहात आणि बोटं कापली असती तर मी नाद सोडला असता. आणि अर्धा चेहरा कापलेला असेल तर उरलेला अर्धा मॉडेलकडून कधीच काढून घेऊ नये, तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. त्याच वेळचा दुसरा फोटो मागवायला सांगितला तो यासाठीच. त्यात दादांचा कोपर पूर्ण असेल तर तोच कापून आणा, खरा कोपर केव्हाही बरा.

नवा भाग मूळ फोटोपेक्षा जरा जास्तच गुळगुळीत दिसतो, कारण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत दाणे आणि चौकटी असतात. नव्या पट्ट्यांवर हलका नॉइज टाका आणि 100 टक्क्यांवर जोडाशी जाऊन बघा.

छपाईचं खरं सांगतो: 2112 पिक्सेल 18 इंचांत म्हणजे इंचाला 117. हातात धरून बघितलं तर मऊ वाटेल, सोप्याच्या भिंतीवर चार-पाच फुटांवरून चालून जाईल. स्टुडिओवाला चेहरे शार्प करून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्या सॉफ्टवेअरमध्ये काका परत बदलतील. आणि फ्रेमची पट्टी प्रत्येक बाजूला अर्धा सेंटिमीटर तरी खाते, इथे ते 23 पिक्सेल होतात. खाली आपण काहीच वाढवलेलं नाही, तेव्हा धाकट्याची पावलं पट्टीखाली जात नाहीत ना, ते काच बसवायच्या आधी बघून घ्या.