शॉर्टलिस्ट येत नाही? आधी आपली नोंद तपासून घे

प्रश्न: "फायनल इयर कॉम्प्युटरला आहे. पूल कॅम्पसची ऑनलाइन टेस्ट देऊन बारा दिवस झाले, शॉर्टलिस्ट नाही. टीपीओ सर 'थांबा' म्हणतात. एचआरला सरळ मेल करू का?"

आत्ता तरी नको. कॅम्पस ड्राइव्हची यादी सहसा कंपनीकडून टीपीओकडे येते आणि तिथून मुलांना कळते. पूल कॅम्पसमध्ये अनेक कॉलेजांचे निकाल एकत्र लावून मग कॉलेजवार याद्या निघतात, त्यामुळे बारा दिवस लागू शकतात. तू मध्येच मेल टाकलास तर तो बहुधा फिरून सरांकडेच येईल.

सरांकडे जरूर जा, पण 'निकाल कधी?' हे विचारू नकोस. ते त्यांनाही ठाऊक नसतं. 'टेस्ट दिलेल्यांच्या यादीत माझं नाव आणि ईमेल बरोबर आहे ना?' एवढंच विचार. हे त्यांना तपासता येतं, आणि चूक असेल तर दुरुस्तही होते.

मी स्टुडंट कोऑर्डिनेटर असताना आमच्या वर्गातल्या एकाने कॉलेजच्या फॉर्ममध्ये कॉलेजचा ईमेल भरला आणि टेस्ट मात्र स्वतःच्या जीमेलने लॉगिन करून दिली. कंपनीने दोन्ही शीट ईमेलवरून जुळवल्या, तेव्हा त्याच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं. शॉर्टलिस्ट लागली, नाव नाही. आपण उडालो असं समजून तो गप्प बसला. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये म्हणाला, "पेपर तर सोपा गेला होता रे." टेस्ट सबमिट झाल्याचा मेल त्याच्याकडे होता. त्याचा स्क्रीनशॉट, पीआरएन आणि दोन्ही ईमेल आम्ही लगेच सरांना दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरवणी यादीत त्याचं नाव आलं. इंटरव्ह्यू उरकले असते, तर सरांनाही काही करता आलं नसतं.

म्हणून आजच तो सबमिशनचा मेल शोध, स्पॅममध्येही बघ. मग सरांना मेल कर: विषयात कंपनीचं नाव, टेस्टची तारीख, ब्रँच आणि पीआरएन, खाली कोणत्या ईमेलने टेस्ट दिलीस ते, आणि सोबत स्क्रीनशॉट. तीन ओळी पुरेत. त्यानंतर चार-पाच कामाचे दिवस जाऊ दे. एचआरने टॉकमध्ये स्वतःचा मेल दिला असेल आणि सरांनी हो म्हटलं, तरच तिकडे लिही, सरांना सीसीमध्ये ठेवून.

आणखी एक. निवड न झालेल्यांना बऱ्याच कंपन्या काहीच कळवत नाहीत. तुझ्याच कॉलेजातल्या मुलांना इंटरव्ह्यूची लिंक आली आणि तुझी नोंदही बरोबर निघाली, तर हा ड्राइव्ह गेला असं धर.

तोवर पुढच्या ड्राइव्हचा फॉर्म भरायचा थांबू नकोस. बहुतेक कॉलेजांत ऑफर हातात आल्यावरच नाव बाद होतं, निकाल बाकी असताना नाही. तुमच्याकडचा नियम त्याच मेलमध्ये विचारून घे, म्हणजे लेखी उत्तर राहील.