परिचयाचं शेवटचं वाक्य नावावर संपवा

आमच्या द्राक्ष बागायतदारांचा मेळावा नाशिकला आहे. केवडा रोगावर बोलायला एक शास्त्रज्ञ बाई येणार आहेत. त्यांचा परिचय मी लिहून देणार, वाचणार सूत्रसंचालक. किती मोठा लिहू आणि शेवट कसा करू?

१२० ते १५० शब्द पुरेत. सावकाश वाचलं तरी दीड मिनिटात संपतं.

खरा घोळ शेवटी होतो. आपल्याकडचा ठरलेला शेवट असा: "तरी मी डॉ. अमुक यांना विनंती करते, की त्यांनी व्यासपीठावर येऊन आपले बहुमोल विचार मांडावेत." यात नाव मधेच येऊन जातं. नाव ऐकलं की लोक टाळ्या वाजवायला लागतात, पण सूत्रसंचालक अजून बोलतच असते. टाळ्या थांबतात, "मांडावेत" ऐकू येतं आणि मग कोणालाच कळत नाही की आता पुन्हा वाजवायच्या का. पाहुण्या अर्धवट उठून उभ्या असतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून हे आपोआप होतं. ते मुद्दाम उलटवावं लागतं: विनंती आधी, नाव अगदी शेवटी आणि नावापुढे एकही अक्षर नाही. "यांना" नाही, "यांचे" नाही, "धन्यवाद" तर नाहीच.

तुमच्या कार्यक्रमासाठी मी असं लिहीन. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण थांबा.

ऑक्टोबर छाटणी झाली. / कोवळी फूट आली. / आणि पाऊस आला. //
चार-पाच दिवसांनी पान उलटून बघावं, / तर मागं पांढरी बुरशी. //
हा केवडा इथं बसलेल्या प्रत्येकानं पाहिलाय. //
आजच्या पाहुण्यांनी या बुरशीचा अभ्यास / प्रयोगशाळेतही केला / आणि बागेत उभं राहूनही केला. //
फवारणी कधी करायची, / आणि कधी करायची नाही, / हे त्या आज सांगणार आहेत. //
आपल्या भेटीला येत आहेत // डॉ. (नाव, आडनाव)

बाईंच्या कामातल्या एक-दोन ठोस गोष्टी मधे घाला, म्हणजे शब्द भरतील. कोणत्या तालुक्यातल्या बागांत त्यांनी काम केलं, एवढं सांगितलं तरी मागच्या रांगेतला माणूस सावरून बसतो.

आता उच्चार. बायोडेटात "वनस्पतिरोगशास्त्रज्ञ" असेल आणि बुरशीचं नाव "प्लास्मोपारा व्हिटिकोला" असेल. दोन्ही काढून टाका. "द्राक्षांवरच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या" आणि "केवडा" म्हणा. वाचणारी अडखळत नाही आणि शेतकऱ्याला अधिक कळतं. आकडे अक्षरात लिहा. १९, २९, ३९ समोर आले की माइकवर माणूस क्षणभर थांबतोच. आडनाव तर कागदावरून कळतच नाही, कारण "जाधव" आणि "जैन" यांतला ज लिहायला एक, बोलायला दोन. चांडक आडनाव असेल तर "च्यांडक" असंच लिहून द्या, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. पाहुण्यांकडून त्यांच्याच आवाजात नाव व्हॉट्सॲपवर मागवा आणि सूत्रसंचालकांना ऐकवा. नाव त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, नुसतं "हो, कळलं" पुरत नाही.

कागद एका बाजूनं छापलेला, अक्षर १८च्या आकाराचं, एका श्वासाला एक ओळ. वाक्य पान उलटून पुढं जाता कामा नये. गोदाघाटावर किंवा लॉन्सवर उघड्यावर कार्यक्रम असेल तर जाड कार्डावर छापा, पातळ कागद वाऱ्यानं फडफडतो आणि ते माइकमधून ऐकू येतं.

आणि आयोजक म्हणतीलच, "पुरस्कार वाचले नाहीत तर पाहुण्यांचा अपमान होतो." हा वाद मला तोंडपाठ आहे आणि मी तो मानत नाही. सातवा पुरस्कार वाचला जात असताना पाहुण्या स्वतःच खाली बघत असतात आणि मागची माणसं चहाकडं निघालेली असतात. यादी निमंत्रणपत्रिकेत छापा, तिथं ती लोक वाचतात. परिचयात एकच गोष्ट राहू द्या, जिच्यामुळं या विषयावर याच बाईंचं ऐकावंसं वाटेल. मेळाव्यात त्यांचा सत्कार असेल तर मात्र मानपत्र वेगळं लिहा, तिथं सगळी यादी शोभते. दोन्ही एका कागदात कोंबू नका.

एक राहिलं. मजकूर आधी पाहुण्यांना पाठवा. त्याही भाषणाची सुरुवात पान उलटून बघण्यापासूनच करणार असतील, तर तुमच्या पहिल्या तीन ओळी बदला. तो प्रसंग त्यांचा आहे.