लोडिंग म्हणजे भार नव्हे

«शेअरांचा परतावा तीन घटकांवरून समजावणाऱ्या थ्री-फॅक्टर मॉडेलबद्दल वाचताना 'साइझ लोडिंग', 'व्हॅल्यू लोडिंग' असे शब्द येतात. मराठीत याला 'भार' म्हणावं का? आणि बीटा असताना ही आणखी दोन लोडिंग कशाला?»

'भार' टाळावा. संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' रूढ आहे आणि त्यातल्या भारांची बेरीज 1 होते. लोडिंगचं तसं नसतं. ती ऋण असू शकतात, 1 च्या वर जाऊ शकतात, आणि त्यांच्या बेरजेला काही अर्थ नसतो. विम्यातलं किंवा फंडाच्या शुल्कातलं 'लोड' तर वेगळंच.

इथे लोडिंग म्हणजे शाळेत शिकलेला रेषेचा चढ. फंडाचा दर महिन्याचा परतावा जोखीममुक्त दर वजा करून एका बाजूला मांडायचा, बाजार, आकार आणि मूल्य या घटकांचे त्याच महिन्यांतले परतावे दुसऱ्या बाजूला, आणि समाश्रयण करायचं. साधारण 60 महिन्यांचे आकडे घेण्याची पद्धत आहे. त्यातून येणारे सहगुणक म्हणजे लोडिंग. म्हणून 'सहगुणक' चालेल. बोलण्याच्या ओघात मला 'कल' जास्त आवडतो: फंडाचा छोट्या कंपन्यांकडे कल किती, हे तो शब्द थेट सांगतो.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांच्या 1964 च्या मॉडेलात चढ एकच, तो बीटा. बाजार जितका हलतो त्याच्या किती पट हा शेअर हलतो, एवढंच त्यात विचारलं जातं. पण फामा आणि फ्रेंच या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये 1963 ते 1990 चे अमेरिकी शेअर तपासले, तेव्हा कंपनीचा आकार बाजूला काढल्यावर बीटा आणि सरासरी परतावा यांचा संबंध जवळपास उरलाच नाही. छोट्या कंपन्या आणि पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त कंपन्या यांचा परतावा मात्र बीटाच्या हिशेबापेक्षा जास्त निघत होता. 1993 मध्ये त्यांनी हे दोन घटक मॉडेलात घेतले:

```
E(R) = Rf + b·[E(Rm) − Rf] + s·E(SMB) + h·E(HML)
```

Rf म्हणजे जोखीममुक्त दर, Rm म्हणजे बाजाराचा परतावा, आणि b, s, h ही तीन लोडिंग. SMB म्हणजे छोट्या कंपन्यांचा परतावा वजा मोठ्यांचा. HML म्हणजे पुस्तकी मूल्य बाजारभावाच्या मानाने जास्त असलेल्यांचा परतावा वजा कमी असलेल्यांचा. दोन्ही आधीच वजाबाक्या आहेत, म्हणून त्यांतून Rf पुन्हा वजा करायचा नाही. ही चूक फार होते. s आणि h शून्य धरले, की जुनं मॉडेल परत मिळतं.

कल्पित आकडे घेऊ, सगळे वार्षिक टक्के. Rf 3, बाजाराचं अधिमूल्य, म्हणजे Rm − Rf, 5, SMB 2, HML 3. एका फंडाने सरासरी 10.5 दिले. एकट्या बाजाराशी समाश्रयण केल्यावर बीटा 1.10 आला. अपेक्षित परतावा 3 + 5.5 = 8.5, म्हणजे व्यवस्थापकाच्या नावावर 2 टक्के अल्फा, अपेक्षेच्या वर मिळालेला परतावा. आता तीन घटक घेतले: b 1.0, s 0.7, h 0.4. अपेक्षित परतावा 3 + 5 + 1.4 + 1.2 = 10.6, आणि अल्फा उणे 0.1. ते 2 टक्के निवडीच्या कौशल्याचे नव्हते, छोट्या आणि स्वस्त शेअरांकडच्या कलाचे होते. असा कल छोट्या आणि स्वस्त शेअरांचा साधा निर्देशांक फंडही देऊ शकतो. मॉडेल वाढवण्याचं खरं कारण हेच आहे.

बीटा 1.10 वरून 1.0 झाला, ही गणनेतली चूक नाही. छोटे शेअर बाजाराबरोबर जरा जास्त हलतात, आणि घटक एकच असताना तो हेलकावाही बीटाच्याच खात्यात पडतो. SMB वेगळा काढला की तो तिकडे जातो. त्यामुळे एका मॉडेलातला बीटा उचलून दुसऱ्याच्या सूत्रात घालू नये.

s वाचताना आणखी एक घोटाळा होतो. बाजाराचा बीटा सरासरीने 1 असतो, म्हणून 0.7 ऐकलं की 'कमी' वाटतं. s आणि h यांचा तटस्थ बिंदू मात्र शून्य आहे, तेव्हा s 0.7 हा छोट्यांकडे चांगलाच कल झाला. आणि s म्हणजे कंपनीचा आकार नव्हे: मध्यम आकाराची कंपनी छोट्यांसारखी हलत असेल, तर तिचाही s मोठा येतो. h ऋण आला, तर शेअर पुस्तकी मूल्याच्या मानाने महाग, वाढीच्या कंपन्यांसारखा वागतो असं समजावं.

'अपेक्षित' शब्दावरही थोडं. तो इथे गणिती अर्थाने, म्हणजे दीर्घकालीन सरासरी म्हणून येतो. पुढच्या वर्षी एवढं मिळेल असा नाही. सूत्रात E(SMB) आणि E(HML) म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांची सरासरी घातली, तर उत्तर बिघडतं, कारण हे दोन्ही घटक अनेक वर्षं सलग ऋणही राहू शकतात. लोडिंग 60 महिन्यांतून काढलं तरी घटकांची सरासरी कित्येक दशकांच्या आकड्यांतूनच घ्यावी.