दूध एकजीव दिसतं, तरी ते मिश्रण कसं?

प्रश्न: दूध सगळीकडून सारखंच दिसतं, मग ते संयुग का नाही? त्याला कलिल का म्हणतात, आणि हे टॉर्चने खरंच ओळखता येतं का?

टॉर्चने अर्धंच उत्तर मिळतं, आणि उरलेलं अर्धं टॉर्च लावायच्या आधीच हाती असावं लागतं.

आधी ते सांगतो. तांब्यात फक्त तांब्याचे अणू असतात, म्हणून ते मूलद्रव्य. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडलेले असतात, वजनाने एकास आठ. पाणी कुठूनही आणा, हे प्रमाण हलत नाही, म्हणून ते संयुग. दुधाचं तसं नाही. साय काढून घेतली तरी उरतं ते दूधच, थोडं पाणी घातलं तरी दूधच. ज्याच्या घटकांचं प्रमाण असं कमीजास्त होऊ शकतं, ते मिश्रण. डोळ्यांना एकजीव दिसण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

कलिल हा या तिघांच्या शेजारचा चौथा गट नव्हे. तो मिश्रणाचाच एक प्रकार आहे आणि तो कणांच्या आकारावरून ठरतो. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे कण एका नॅनोमीटरहूनही लहान होतात (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर). साधारण १ ते १००० नॅनोमीटरचे कण पसरलेले असतील तर ते कलिल. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. मिठाचे कण त्यापुढे इतके लहान की प्रकाश जवळजवळ सरळ निघून जातो. दुधातले प्रथिनांचे पुंजके आणि स्निग्धाचे गोळे मात्र त्याला चांगलेच आडवे येतात आणि तो बाजूंना विखुरतात. जॉन टिंडल यांनी १८६० च्या दशकात याचा अभ्यास केला, म्हणून हा टिंडल परिणाम.

आता करून बघा. दोन सारखे, नक्षी नसलेले काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत गाळून थोडा वेळ स्थिर ठेवलेलं पाणी भरा. एकात चमचाभर मीठ पूर्ण विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा. पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडून तो टॉर्चसमोर धरा, खोलीत अंधार करा आणि ग्लासकडे बाजूने बघा. मिठाच्या पाण्यात जवळपास काहीच दिसणार नाही. दुधाच्या पाण्यात प्रकाशाची सरळ पट्टी उमटेल.

पहिल्यांदा मी थेंबांऐवजी चमचाभर दूध ओतलं होतं. पट्टी दिसलीच नाही, सगळा ग्लासच उजळला. कण फार झाले की एकाने विखुरलेला प्रकाश दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर आपटत राहतो आणि वाट पुसली जाते. तसं झालं तर निम्मं पाणी ओतून देऊन नवं घाला, पट्टी येईपर्यंत. उलट मिठाच्या पाण्यातच पट्टी दिसली तर बुडबुडे किंवा न गाळलेली धूळ असते. म्हणून नुसत्या पाण्याचा तिसरा ग्लास शेजारी ठेवलेला बरा.

टॉर्चला काय कळत नाही, हेही नीट बघा. मिठाचं पाणी आणि शुद्ध पाणी तिला सारखंच. म्हणजे संयुग कुठलं आणि द्रावण कुठलं हे ती सांगू शकत नाही. खडूची पूड ढवळलेल्या पाण्यातही पट्टी दिसते, पण ते निलंबन. तो ग्लास तसाच ठेवला तर पूड तळाशी बसते, पाणी मिसळलेलं दूध तेवढ्या वेळात निवळत नाही. पट्टी दिसली म्हणजे ‘खरं द्रावण नव्हे’, एवढाच निकाल लागतो.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दूध एकाच खान्यात बसत नाही. त्यातली दुग्धशर्करा पाण्यात खरोखर विरघळलेली असते, प्रथिनं कलिल रूपात असतात आणि स्निग्ध पदार्थ थेंबांच्या रूपात तरंगत असतात. त्या थेंबांतले बरेचसे तर हजार नॅनोमीटरहून मोठे, म्हणूनच न ढवळता ठेवलेल्या दुधावर स्निग्धांश वर येऊन जमतो.

धुक्याचंही असंच. हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब म्हणून त्याला कलिलांत धरतात, पण थेंब बहुतेक हजारो नॅनोमीटरचे, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही पलीकडचे. इतके मोठे थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुक्यात टॉर्चचा झोत पांढराच दिसतो. साय काढलेलं दूध घेऊन वरचा प्रयोग केलात तर फरक कळेल. त्यातले प्रथिनांचे पुंजके लहान असल्यामुळे निळा प्रकाश जास्त विखुरला जातो, बाजूने पट्टी किंचित निळसर दिसते. थेंब हळूहळू वाढवत ग्लासच्या पलीकडे पांढरा कागद धरा. त्यावर पडणारा प्रकाश पिवळट होत जातो, कारण त्यातला निळा वाटेतच बाजूला गेलेला असतो.