स्वप्नातला कावळा कोणाचा?

"आई, पहाटे स्वप्नात कावळा आला. खिडकीत बसून नुसता बघत होता. आजी म्हणते आजोबा आले असतील, मावशी म्हणते अपशकुन आहे, कुणाला सांगू नकोस. दोघींपैकी खरं कोण?"

प्रिय ऋता,

दोघींचे कावळे वेगवेगळे आहेत. आजीचा कावळा स्वप्नातला नाहीच मुळी, तो घाटावरचा आहे. रामायणाच्या उत्तरकांडात एक गोष्ट आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येऊन ठाकतो, तेव्हा घाबरलेले देव पशुपक्ष्यांची रूपं घेऊन लपतात. इंद्र मोर होतो, यम कावळा होतो. संकट टळल्यावर यम कावळ्यांना वर देतो की माणसांनी तुम्हाला खाऊ घातलं की माझ्या लोकातली माणसं तृप्त होतील. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून आपण कावळ्याची वाट बघतो, ती याच समजुतीतून.

आजोबांच्या दहाव्याला तू फार लहान होतीस. नदीकाठी पिंड मांडले, वर दहीभात ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, पण खाली एकही उतरेना. मग भटजींनी काकाला सांगितलं, "काही राहिलं असेल तर बोला." काका सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही." सगळे हात जोडून थोडे मागे सरले आणि कावळा आला. माझ्या मते तो आला कारण माणसं मागे सरली. कावळा फार सावध पक्षी, पिंडाभोवती गर्दी असली की तो धजत नाही. गर्दीच्या तीर्थक्षेत्री तर एकाच सकाळी इतके पिंड असतात की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. शेवटी नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. म्हणजे कावळा चुकवू शकतो, हे विधीनंही धरलेलं आहे. पण काकाचं ते बोलणं चार माणसांत झालं होतं. आजी आजही त्याच्याच घरी आहे.

आजी तुझ्या स्वप्नाला हाच नियम लावते. कावळा दिसला म्हणजे कुणाचं तरी काहीतरी राहिलंय. म्हणूनच तिनं तुला विचारलं असणार, "काही खात होता का गं?"

मावशीचा कावळा वैद्यकाच्या पोथीतला. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मरणाच्या खुणा सांगितल्या आहेत. गिधाडं, घुबडं, कुत्रे, कावळे यांनी आपल्याला वेढलंय असं स्वप्न तिथं वाईट मानलंय. पण तिथं तो थवा आहे. खिडकीत एकटा बसलेला कावळा तिथं नाही. पुढची गंमत मावशीला कुणी सांगितलेली दिसत नाही. त्याच अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोष बिघडल्यामुळे पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ, असं चरक स्वच्छ म्हणतो. आता आठव, आदल्या रात्री आजीशी फोनवर काय बोलत होतीस? सर्वपित्रीच्या स्वयंपाकाचंच ना? शिवाय तुमच्या वसतिगृहासमोर कावळे रोज बसतात, हे तूच मला लिहिलं होतंस. म्हणजे तुझं स्वप्न ऐकलेल्यात आणि पाहिलेल्यात बसतं. अपशकुन मानायचा तरी पोथीच मावशीच्या बाजूनं उभी राहत नाही. "पहाटेचं स्वप्न खरं होतं" असं आपल्याकडे म्हणतात खरं, पण मलाही पहाटेचीच स्वप्नं आठवतात, कारण तेव्हाच जाग येते.

एवढं सांगून कावळा आपल्याकडे फक्त मरणाचाच, असं समजू नकोस. दारात ओरडला की पाहुणा येणार, हेही तोच सांगतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत तर कावळ्याचं ओरडणं विठ्ठल येण्याचा शकुन ठरतं. ज्याची वाट बघत असू, त्याची खबर आपण त्याच्या तोंडी घालतो, असं मला वाटतं. आजीला आजोबांची वाट आहे. मावशीला नेहमीच काहीतरी वाईट घडायची धास्ती असते, हे तुला मी सांगायला नको!

आजीला मात्र चरक ऐकवू नकोस. "खात नव्हता, नुसता बघत होता," असं खरं तेच सांग, मग ती आजोबांना काय आवडायचं ते सांगत बसेल. गवारीची भाजी, वडे, आमसुलाची चटणी हे सगळं येईल त्यात. ते लिहून घे आणि मला पाठव. त्यांच्या खिरीत जायफळ होतं की वेलदोडा, यावर काका आणि मी अजून भांडतो.

तुझी,
आई